ज्याचे निम्मे अडीचशे: अंकी-अक्षरी रकमेची मराठवाड्यातली पार्श्वभूमी

२०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मराठवाड्यात कितीतरी घरांतल्या पत्र्याच्या पेट्या उघडल्या. आमचीही उघडली. नोंद काही मिळाली नाही, पण तळाशी फसली १३४० चं एक उर्दू खरेदीखत निघालं. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे हा कागद १९३०-३१ चा. मी तालुक्याच्या ठिकाणी दस्त लिहून पोट भरतो, पण उर्दू मला वाचता येत नाही. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मौलवीसाहेबांना बोलावलं. त्यांनी बोट ठेवत ठेवत वाचलं आणि रकमेपाशी थांबून हसले. तिथे लिहिलं होतं: मुबलिग पाचशे रुपये सिक्का हाली, ज्याचे निम्मे अडीचशे होतात.

पाचशेचे निम्मे अडीचशे हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मग ते खतात कशाला? कारण ‘पाचशे’च्या मागे कुणी ‘एक हजार’ घुसडले, तर निम्म्याचा आकडा लगेच चुगली करतो. पंधराशेचे निम्मे अडीचशे होत नाहीत. म्हणजे लबाडी करणाऱ्याला एकाच कागदात दोन जागी, एकमेकांशी जुळेल अशी खाडाखोड करावी लागते. उर्दू दस्तऐवजांमधली ही जुनी रीत आहे. आपण आज कंसात ‘अक्षरी’ लिहितो त्यामागेही तेच तत्त्व आहे: एकच रक्कम दोन वेगळ्या रूपांत लिहायची, म्हणजे एक रूप बिघडलं तर दुसरं बोलतं.

त्या वाक्यातला खरा महत्त्वाचा शब्द मात्र ‘हाली’ आहे. निजामाच्या राज्यात स्वतःचा रुपया चालत होता, त्याला हाली शिक्का म्हणत. ब्रिटिश हद्दीतला तो कलदार. दोघांचा भाव साधारण सात हालीला सहा कलदार, म्हणजे शंभर कलदारांचे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. बार्शी किंवा नगरच्या बाजारात माल नेणाऱ्या बीड-धाराशिवकडच्या माणसाच्या खिशात दोन्ही नाणी असायची. आता खतात नुसते ‘हजार रुपये’ लिहिले, तर देणारा हाली मोजणार आणि घेणारा कलदार मागणार. हजार हालीचे कलदारात सुमारे ८५७ होतात. दोघांच्या मनात दीडशेच्या आसपास रुपयांचा फरक, आणि आकड्यात खाडाखोड शून्य. अंक बरोबर, अक्षरंही बरोबर, तरी भांडण उभं. कारण भांडण संख्येवरून नव्हतं, ती संख्या कशाची यावरून होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लाख-कोटींच्या बाबतीत नेमकं हेच पुन्हा होतं.

निजामाच्या कचेऱ्यांत हिशेबासाठी सियाक नावाची लिपीच होती. त्यात अंक नसतातच. अरबी संख्यावाचक शब्दांची आखडून केलेली रूपं असतात. म्हणजे अक्षरी रक्कमच अंकाच्या जागी बसवलेली. तिच्यात लाख आणि करोड यांच्याही खुणा आहेत, आणि २०१८ पासून त्या युनिकोडमध्येसुद्धा आल्या आहेत. अशा रकमेत फेरफार करणं अवघड, पण वाचणंही तितकंच अवघड. मुन्शीला कळायचं, अंगठा उठवणाऱ्याला नाही. खाडाखोडीपासून राखण झाली, अज्ञानापासून नाही.

सावकाराच्या मोडी वहीत उलट परिस्थिती. अंक साधे, पण पाव, अर्धा, पाऊण हे रुपयाचे भाग अंकापुढे उभ्या रेघा ओढून दाखवायचे. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. दहापुढे एक रेघ म्हणजे सव्वा दहा. बोरूचा आणखी एक फटकारा, की साडेदहा. आकडा फिरवायला फारशी अक्कलही लागत नव्हती. देवनागरी अंकांची खोडही जुनीच आहे. १ ला पोट काढलं की ९ होतो. आणि आजही एखाद्या चेकवरचा मराठी ४ नव्या कॅशिअरला इंग्रजी 8 वाटतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सीमेपलीकडे, पुणे आणि नगर जिल्ह्यांत, १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांची रोखे-खतंच जाळली. सुप्यापासून ते सुरू झालं. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि शेतकऱ्याचं खत सरकारी माणसासमोर लिहून, वाचून दाखवण्याची सोय झाली. आमचा भाग निजामाकडे, त्यामुळे तो कायदा इकडे नव्हता. दोनच वर्षांनी, १८८१ मध्ये, ब्रिटिश हद्दीत परक्राम्य संलेखांचा कायदा झाला. त्याचं कलम १८ अगदी एका वाक्याचं आहे: अंकी आणि अक्षरी रकमेत फरक असेल तर अक्षरी रक्कम धरायची. मराठवाड्याला असे भारतीय कायदे १९४८ नंतर टप्प्याटप्प्याने लागू झाले.

या कलमाबद्दल दोन गैरसमज आहेत. पहिला असा की चेकवर फरक असला तरी बँक अक्षरी रक्कम देईल. व्यवहारात बँक तो चेक ‘अंकी व अक्षरी रकमेत फरक’ असा शेरा मारून परत करते. कलम न्यायालयात निवाडा करायला आहे, काउंटरवर पैसे मिळवायला नाही. दुसरा गैरसमज जास्त महाग पडतो. लोक समजतात, हा नियम सगळ्याच कागदांना लागू आहे. तो चेक, हुंडी, वचनचिठ्ठी यांच्यापुरता आहे. इसारपावती किंवा खरेदीखत त्यात येत नाही. तिथे अख्खा दस्त वाचून अर्थ लावतात, आणि तो लागला नाही तर पंचाईत. २०२४ पर्यंत चाललेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ९३ खाली उदाहरणाला एक घोडा होता: लेखी करारात तो ‘हजार किंवा दीड हजार रुपयांना’ विकला असं लिहिलं असेल, तर नेमकी किंमत कोणती हे सांगणारा तोंडी पुरावा घेता येत नाही. म्हणजे साक्षीदार कितीही आणा.

आता लाख-कोटींकडे. १९५७ च्या १ एप्रिलला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि आणे-पैंबरोबर वहीतल्या रेघाही हळूहळू गेल्या. त्यांच्या जागी दशांश चिन्ह आलं. बोलताना मात्र आपण अजून सव्वा, साडे, पावणे यांतच बोलतो, आणि लिहिताना टिंब देतो. या दोहोंच्या मधल्या फटीत आजची बहुतेक भांडणं पडलेली असतात.

गेल्या वर्षी दोन भाऊ माझ्याकडे वाटणीपत्र लिहायला आले ते आधीच तणतणत. धाकट्याच्या हिश्श्याची दोन एकर जमीन थोरल्याने ठेवायची आणि पैसे द्यायचे, असं घरात ठरलेलं. वहीच्या पानावर थोरल्याने लिहून दिलं होतं, ‘१२.५ लाख’. खाली दोघांच्या सह्या. पैसे तीन हप्त्यांत दिले: चार लाख, चार लाख आणि शेवटी चार लाख पाच हजार. धाकटा म्हणाला, “दादा, अजून पंचेचाळीस हजार राहिले.” थोरला म्हणाला, “मी बारा लाख पाच म्हणलो होतो, साडेबारा कधी म्हणलो?”

दोघंही खरं बोलत होते. थोरल्याने बारा लाख आणि पाच हजार हे १२.५ असं लिहिलं. टिंबाच्या अलीकडे लाख, पलीकडे हजार, असं त्याच्या डोक्यात. तसं ते होत नाही. बारा लाख पाच हजार म्हणजे १२.०५ लाख. १२.५ लाख म्हणजे बारा लाख पन्नास हजार. एका शून्यात ४५,००० गेले. हीच चूक कोटीत केली, एक कोटी पाच लाखांचे १.५ कोटी लिहिले, तर पंचेचाळीस लाख जातात.

मी पान उलटून पाहिलं. मागे पेन्सिलीने बेरीज होती: दोन एकर, सहा लाखांप्रमाणे बारा लाख, विहिरीवरच्या मोटारीचा हिस्सा पाच हजार. त्या बेरजेतून साडेबारा येतच नाही. धाकट्यालाही ते पटलं. पण पान फाटून मागची बाजू गेली असती, तर सही असलेल्या बाजूने धाकटाच बरोबर ठरला असता.

म्हणून दस्तात लाखाचं टिंब येऊ द्यायचं नाही. पूर्ण रक्कम रुपयांत, आपल्या पद्धतीच्या स्वल्पविरामांसह: उजवीकडून आधी तीन अंक, मग दोन-दोन. ‘रुपये’ आणि पहिला अंक यांत आणखी अंक मावेल एवढी जागा सोडायची नाही. मागे शून्य चिकटू नये म्हणून ‘/-’. अक्षरांत सव्वा-साडे नाही, ‘बारा लाख पन्नास हजार’ असं सरळ, आणि शेवटी ‘फक्त’ लिहून दार बंद. सुरुवातीची जागा लोक विसरतात. ‘पाच हजार फक्त’च्या आधी ‘एक लाख’ सहज मावतात. खाडाखोड झालीच तर तिच्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या, नाहीतर दुय्यम निबंधक दस्त नाकारू शकतो.

टाइप करताना वेगळाच घोळ. संगणकाची मांडणी परदेशी असेल तर बारा लाख पन्नास हजार 1,250,000 असे दिसतात, आणि स्वल्पविराम पाहून वाचणारा माणूस पहिल्या एकाला एक लाख समजू शकतो. एक्सेलमध्ये आकड्यांचा नमुना असा दिला की गट आपल्या रीतीने पडतात:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

वजा रकमा मात्र यात परदेशी पद्धतीनेच पडतात, तेवढं ध्यानात ठेवायचं. पतसंस्थांच्या ताळेबंदात डोक्यावर ‘रक्कम लाखात’ लिहून खाली एका ओळीत पूर्ण रुपये टाकलेले असतात. हाली-कलदारचं भूत इथे पुन्हा उभं राहतं. कुणी मिलियनचं भाषांतर करून ‘५ दशलक्ष’ लिहितो, कुणी शंभर कोटींना अब्ज म्हणतो. शब्द आपलेच आहेत, चुकीचे नाहीत. पण गावात ‘पन्नास लाख’ म्हटल्याशिवाय रक्कम डोळ्यांपुढे येत नाही. एका कागदात एकच मोजमाप हवं.

भावांचं वाटणीपत्र मी लिहिलं: रुपये १२,०५,०००/- (अक्षरी रुपये बारा लाख पाच हजार फक्त). वाचून दाखवताना मौलवीसाहेबांनी वाचलेल्या खताची गोष्ट निघाली. थोरला म्हणाला, “आमच्यातही निम्मे लिहा की.” मी म्हटलं, आता त्याची गरज नसते. “असू द्या,” तो म्हणाला. मग ओळ वाढवली: ज्याचे निम्मे सहा लाख दोन हजार पाचशे होतात. धाकट्याने मोबाइलवर भागून पाहिलं आणि सही केली.