एकाच चंद्राचे तीन फोटो

शुक्ल नवमी-दशमीच्या संध्याकाळी चंद्रावरची ऊन-सावलीची सीमारेषा कोपर्निकस विवराच्या आसपास असते. ९३ किलोमीटर रुंदीच्या या विवरात तेव्हा नुकताच सूर्योदय झालेला असतो आणि त्याच्या कडांच्या सावल्या लांबवर पडतात. कॅमेऱ्याची सेटिंग्ज पारखायची तर पौर्णिमेपेक्षा ही रात्र बरी. पौर्णिमेला ऊन आपल्या पाठीमागून येतं, सावल्या दिसेनाशा होतात आणि उत्तम फोटोतही चंद्र सपाट वाटतो.

कॅमेरा ट्रायपॉडवर, ३०० मिलिमीटरची लेन्स, आयएसओ १००, छिद्र एफ/८. ऑटो मोड बंदच हवा, कारण तो भोवतालचं काळं आकाश उजळायला जातो आणि चंद्राची पांढरी टिकली करून ठेवतो. आता फक्त शटर बदलून तीन फोटो घ्यायचे: १/३०, १/१२५ आणि १/५०० सेकंद.

१/३०च्या फोटोत कोपर्निकसच्या सावल्या छान उठून दिसतात, पण उजळ कडेकडचं प्रोक्लस हे लख्ख विवर पांढऱ्यात विरघळून जातं. तिथला तपशील नोंदलाच गेला नाही, त्यामुळे नंतर कितीही एडिट केलं तरी तो परत येत नाही. १/५००मध्ये उलटं होतं. प्रोक्लस सुरेख येतं, मात्र सीमारेषेजवळचा मंद उजेड काळ्यात बुडतो आणि दशमीचा चंद्र चक्क अष्टमी-नवमीचा वाटू लागतो! १/१२५मध्ये दोन्ही टोकं बऱ्यापैकी सांभाळली जातात. म्हणून मी निवड याच दोन जागा पाहून करतो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर भरवसा ठेवू नये. अंधारात ती आहे त्याहून उजळ भासते. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला चिकटला नाही ना, तेवढं बघावं.

तपशिलाची तुलना करताना आधी तिन्ही फोटोंचा उजेड सारखा करून घ्यावा, कारण उजळ फोटो उगाचच जास्त स्पष्ट वाटतो. मग १०० टक्के मोठं करून छोटी विवरं पाहावीत. सगळी एकाच दिशेला ताणली असतील तर कॅमेरा हलला. सगळीकडे सारखाच मऊपणा असेल तर फोकस चुकला. एक भाग धारदार, शेजारचा लिबलिबीत, आणि पुढच्या फोटोत नेमकं उलट, हा खेळ हवेचा. त्यावर उपाय एकच, भरपूर फोटो काढायचे.

राहिली चकाकी. चंद्राच्या कडेबाहेरचं आकाश एडिटिंगमध्ये थोडं उजळून बघा. कडेलगत दुधट वलय दिसलं तर धुकं असेल किंवा लेन्सवर बोटांचे ठसे. पण फ्रेमच्या मध्यबिंदूपलीकडे, अगदी समोरासमोर, चंद्राचीच फिकट उलटी प्रतिमा दिसली तर दोष बहुधा लेन्सपुढच्या यूव्ही फिल्टरचा. कॅमेरा जरा सरकवा. चंद्र फ्रेममध्ये डावीकडे गेला की ती उजवीकडे जाते. फिल्टर काढून तोच फोटो पुन्हा घ्या.