फिश टँकच्या काचेवरचं शेवाळ काढणे

घरातल्या फिश टँकच्या आतल्या काचेवर चढणारा हिरवा, तपकिरी किंवा ठिपक्याठिपक्यांचा थर मासे टँकमध्येच ठेवून खरवडून काढायचा, एवढंच हे काम. शेवाळाने माशांना काही त्रास होत नाही, उलट ते पाण्यातलं नायट्रेट थोडंफार खातंच, त्रास आपल्याला होतो कारण मासे दिसत नाहीत. आणि शेवाळ काढताना मासे मरतात तेही काच घासल्यामुळे फार क्वचित, मरतात ते घासण्यासोबत आपण जे बाकीचे उद्योग करतो त्याने.

कोल्हापुरात बऱ्याच घरात याला 'टँक धुणे' म्हणतात आणि पद्धत ठरलेली असते: रविवारी सकाळी मासे जाळीने बादलीत काढायचे, सगळं पाणी ओतून द्यायचं, खडी नळाखाली खळखळून धुवायची, काच भांड्याच्या साबणाने चकचकीत करायची, फिल्टरचा स्पंजही पिळून पिळून पांढरा करायचा आणि नळाचं ताजं पाणी भरून मासे परत सोडायचे. टँक दिसतो लई भारी. यात दोन वेगवेगळे घोटाळे होतात आणि ते ओळखायचे वेळेवरून. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते माशांच्या कल्ल्यांना भाजतं, त्यामुळे मासे तासाभरातच वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात, नाहीतर वेड्यासारखे काचेवर धडकतात. दुसरा घोटाळा उशिरा कळतो. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणारा अमोनिया पचवणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खडीवर वस्तीला असतात, नळाच्या पाण्याने धुतलं की ते मरतात किंवा वाहून जातात, मग दोन-चार दिवसांनी अमोनिया साठतो, मासे पंख मिटून तळाशी बसतात, कल्ले लालसर दिसतात, आणि घरचे म्हणतात आता तर टँक धुतला होता, मग मासा मेला कसा. ही वस्ती पुन्हा नीट बसायला चार ते सहा आठवडे जातात. साबणाचं तर बोलायलाच नको, सिलिकॉनच्या सांध्यात आणि स्पंजमध्ये तो राहतो आणि माशांच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर खराब करतो. काच पुसायचा निळा स्प्रे बाहेरच्या बाजूलाही थेट मारू नये, त्याचे थेंब झाकणाच्या फटीतून आत जातात, मारायचाच तर फडक्यावर मारून मग पुसावं.

काढायच्या आधी शेवाळ कुठलं आहे ते बोट फिरवून बघायचं. तपकिरी धुळीसारखं असेल आणि बोटाने लगेच पुसलं जात असेल तर ते डायटम, नवीन टँकला पहिल्या काही आठवड्यांत येतंच आणि बऱ्याचदा आपोआप कमी होतं. हिरवा पातळ थर असेल तर साधा स्पंज पुरतो. काचेला चिकटून बसलेले कडक हिरवे ठिपके असतील तर स्पंजने हात दुखतील पण ठिपका हलणार नाही, त्याला ब्लेडच लागतं. आणि गडद निळसर-हिरवी साय, जी पापुद्र्यासारखी सोलून निघते आणि घाण वास मारते, ते खरं तर शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया आहे, ते घासून पाण्यात पसरवायचं नाही, सायफनच्या नळीने ओढून घ्यायचं.

आता एक टँक धरून चालू. राजारामपुरीतल्या फ्लॅटमधला दोन फुटी टँक, म्हणजे २४ × १२ × १२ इंच, आत दोन गोल्डफिश, पूर्वेच्या खिडकीजवळ ठेवलेला, समोरची काच हिरवी झालेली आणि खाली खडीजवळ कडक ठिपके. काठोकाठ भरला तर साधारण ५६ लिटर, पण खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर पाणी ४५ लिटरच्या आसपास. यातलं चौथा हिस्सा म्हणजे ११ लिटर बदलायचं. आदल्या दिवशी बादलीत ११-१२ लिटर पाणी उघडं ठेवलं तर २४ तासांत क्लोरीन बरंचसं उडून जातं, घाई असेल तर दुकानात अँटीक्लोरीनचे थेंब मिळतात, ते बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाकायचे. बादली फक्त टँकसाठी वेगळी ठेवायची, जिच्यात कधी निरमा पडलेला नाही अशी.

हात कोपरापर्यंत धुवायचे पण साबणाशिवाय. लाईट, फिल्टर आणि हीटर असेल तर तोही प्लग काढून बंद, कारण पाणी कमी झाल्यावर उघडा पडलेला गरम हीटर तडकतो, आणि ओल्या हाताने करंट हा प्रकार वेगळाच. एअर पंप मात्र चालू ठेवला तर बरं. मासे काढायचे नाहीत, जाळीने पकडापकडी करण्यात त्यांचे खवले आणि पंख फाटतात, हात हळू चालवला तर ते आपणच दुसऱ्या कोपऱ्यात जातात. नवीन, साधा स्पंज घ्यायचा, भांडी घासायचा हिरवा खरखरीत नको. वरून खाली सरळ पट्टे ओढायचे आणि खडीच्या एक इंच वर थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं आहे, कारण वाळूचा एक कण स्पंजखाली किंवा मॅग्नेट क्लीनरखाली अडकला की काचेवर कायमचा ओरखडा, आणि मग त्या ओरखड्यातच शेवाळ सगळ्यात आधी बसतं. मॅग्नेट वापरत असाल तर काम झालं की बाहेर काढून ठेवा.

खडीजवळच्या ठिपक्यांना ब्लेड काचेला तिरपं, साधारण ३० ते ४५ अंशात लावायचं आणि एकाच दिशेने पुढे ढकलायचं, मागेपुढे नाही. कोपऱ्यातलं सिलिकॉन सोडून द्यायचं, तिथे ब्लेड लागलं तर टँक गळतो, थोडं हिरवं राहिलं तर राहू दे. गंजलेलं ब्लेड नको. ॲक्रिलिकचा टँक असेल तर ब्लेड अजिबातच नाही, जुनं प्लास्टिकचं एटीएम कार्ड चालतं.

आता खाली पडलेला कचरा सायफनने ओढत ओढतच ते ११ लिटर काढायचं, म्हणजे एकाच कामात दोन कामं होतात. तो तसाच सोडला तर कुजतो आणि नवीन शेवाळाला खत मिळतं. फिल्टरचा स्पंज बुजला असेल तर टँकमधून काढलेल्या पाण्यातच एक-दोनदा पिळायचा, पण शक्यतो त्याच दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात. ठेवलेलं पाणी हाताला टँकइतकंच लागतंय ना बघून हळूहळू ओतायचं, मग फिल्टर चालू. मागची काच तशीच हिरवी ठेवायला हरकत नाही, गोल्डफिश ते चरतात.

'सकर फिश टाका, सगळं साफ करतंय' असं सांगणारा दुकानदार प्रत्येक गल्लीत आहे. छोटं असताना ते काच चाटतं, मोठं झालं की फुटाच्या वर जातं, दोन फुटी टँकमध्ये वळता येत नाही, स्वतःच एवढी घाण करतं की शेवाळ वाढतं, आणि कधी कधी गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्याचा थर खातं. नको झालं म्हणून रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडायचं नाही, बाहेरून आलेला हा मासा आपल्या पाण्यात टिकतो आणि स्थानिक माशांना त्रास देतो. शेवाळ मारायचं औषधही काचेसाठी घेऊ नये, एकदम मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खेचतं, आणि औषधात तांबं असेल तर गोगलगाय आणि कोळंबी आधी जातात.

आठवड्यातच काच परत हिरवी होत असेल तर कारण घासण्यात नसतं. वरच्या टँकच्या बाबतीत ते खिडकीत आहे: सकाळचं ऊन थेट पडतं, वर लाईट रात्री अकरापर्यंत चालू. टँक आतल्या भिंतीला सरकवायचा, पण आधी अर्ध्याहून जास्त पाणी काढून, भरलेला टँक उचलला तर सांधे सुटतात. लाईट रोज सहा ते आठ तास, आणि खाद्य दोन मिनिटांत संपेल तेवढंच.