तोडे पाण्यात तोलले की चांदी बोलते

नाशिकच्या सराफ बाजारात सुरगाणा, पेठ, कळवण साइडचे जुने तोडे, वाळे, साखळ्या आणि कमरपट्टे अजूनही येतात, कुणी मोडीत घालायला आणतं तर कुणी "अँटिक" म्हणून विकत घ्यायला येतं. गेल्या काही वर्षांत या ट्रायबल सिल्व्हरची फॅशन आल्यापासून एक वेगळाच प्रकार सुरू झालाय, नवीन माल मुद्दाम काळा करून जुना म्हणून खपवायचा. दिसायला सेम, हातात घेतलं तर वजनही बऱ्यापैकी लागतं, आणि घेणाऱ्याला कळतच नाही की आपण चांदी घेतली की गिलीट.

आधी खरा जुना माल कशाचा बनलेला असायचा ते बघू. गावचा सोनार चांदीची वीट कुठून आणणार? लोक साठवलेले कलदार रुपये घेऊन यायचे आणि तेच आटवून तोडे व्हायचे, म्हणून तर वजन रुपयाभारात बोललं जायचं. ब्रिटिश काळातला रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात साधारण ९१.७ टक्के चांदी, बाकी तांबं. १९४० मध्ये सरकारने ही चांदी एकदम ५० टक्क्यांवर आणली आणि १९४७ पासून रुपया निकेलचा झाला. त्यामुळे जुन्या कलदारांचा दागिना असेल तर चांदी नव्वदीच्या आसपास सापडते, चाळीसनंतरच्या रुपयांचा असेल तर बरीच कमी, आणि तरीही तो दागिना खोटा नसतो, फक्त हलक्या चांदीचा असतो. आणि हो, तोड्यावर ९२५ असा ठळक शिक्का दिसला तर खूश होऊ नका, उलट सावध व्हा. कलदार आटवणारा गावचा सोनार असला आकडा मारत बसत नव्हता.

आता लोक काय टेस्ट करतात? पहिली चुंबकाची. चुंबकाला चिकटलं नाही म्हणजे चांदी, असं सांगणारे खूप आहेत, पण तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर हेही चिकटत नाहीत, त्यामुळे आत लोखंड भरलं असेल तर तेवढंच कळतं. दुसरी बर्फाची, चांदीवर बर्फ भराभर वितळतो म्हणतात, ते खरंच आहे, पण तांब्यावरही जवळजवळ तितक्याच वेगाने वितळतो कारण उष्णता वाहून नेण्यात तांबं चांदीच्या अगदी मागेच आहे. मग तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेला तोडा ही परीक्षा आरामात पास होतो.

तिसरी कसोटीच्या दगडाची किंवा हल्ली दुकानात असलेल्या एक्स-रे मशीनची. या दोन्ही चांगल्या आहेत, पण दोन्ही वरचा थर बघतात, मशीन तर चांदीत साधारण केसाच्या जाडीइतकंच आत बघतं. आणि इथेच खरी गंमत आहे, कारण मुलामा नसलेली, अगदी प्रामाणिक जुनी चांदीसुद्धा वरून खोटं बोलते. सोनार दागिना घडवताना तो पुन्हा पुन्हा लाल होईपर्यंत तापवतो, तेव्हा पृष्ठभागावरच्या तांब्याचा हवेशी संयोग होऊन काळा थर येतो, चांदीचा येत नाही. मग तो तुरटीच्या किंवा चिंचेच्या पाण्यात उकळला, नाहीतर पातळ तेजाबात टाकला की तो तांब्याचा थर निघून जातो आणि मागे उरते ती जवळजवळ शुद्ध चांदीची पातळ साल. असं चार-पाच वेळा झालं की आत ६० टक्के चांदी असली तरी वरून घासून बघणाऱ्याला ती खूपच चांगली वाटते. हे सोनार फसवायलाच करतो असं नाही, उजळणं हा कामाचाच भाग आहे, पण रीप्रॉडक्शनवाले याचा पुरेपूर फायदा घेतात.

म्हणून मला सगळ्यात भरवशाची वाटते ती पाण्यात तोलायची पद्धत, कारण ती अख्खा दागिना मोजते, सालीसकट गाभ्यासकट. शुद्ध चांदी एका घनसेंटीमीटरला १०.४९ ग्रॅम भरते, तांबं ८.९६, पितळ आणि जर्मन सिल्व्हर साधारण साडेआठच्या आसपास. कलदार रुपयाच्या चांदीचं हिशोबाने १०.३४ येतं. (जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं, हे अजूनही कितीतरी जणांना माहीत नाही.)

करायचं असं. ०.१ ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या, ऑनलाइन स्वस्तात मिळतो, फक्त तोडा आणि पाण्याचं भांडं दोन्हीचं वजन त्याला पेलतंय ना ते आधी बघा. तोडा कोरडा तोला आणि आकडा लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करा, आणि तोडा बारीक नायलॉनच्या दोऱ्याने वरून लोंबकळत धरून पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला कुठेही टेकू द्यायचा नाही. काट्यावर जे ग्रॅम दिसतील तितके घनसेंटीमीटर तोड्याचं आकारमान, कारण पाणी तोड्याला जेवढं वर ढकलतं तेवढाच भार भांड्यावर खाली येतो. पहिला आकडा भागिले दुसरा, झालं. तोडा टेकला की त्याचं वजनही काट्यावर येतं आणि सगळा हिशोब बोंबलतो, नवशिक्यांचं इथेच चुकतं. दुसरी भानगड बुडबुड्यांची. नक्षीत हवा अडकली की आकारमान जास्त दिसतं आणि चांगली चांदी हलकी ठरते, म्हणून पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा आणि तोडा पाण्यात दोन-तीनदा हलवून घ्यायचा.

एक उदाहरण घेऊ. समजा तीन तोडे समोर आहेत, तिघांनाही "आदिवासी, शंभर वर्षं जुना" असंच म्हटलंय. पहिला कोरडा २९१ ग्रॅम, पाण्यात काटा दाखवतो २८.२, म्हणजे भागाकार १०.३२. कलदाराच्या १०.३४ ला अगदी लागून. पण यावरून "९० टक्के" असं छातीठोक सांगू नका, पाण्याच्या आकड्यात ०.२ ग्रॅम इकडेतिकडे झालं तरी उत्तर साधारण ८६ ते ९४ टक्क्यांच्या मध्ये कुठेही पडतं. किचनच्या एक ग्रॅमवाल्या काट्यावर तर ही रेंज इतकी पसरते की चांदी आहे की जर्मन सिल्व्हर एवढंच कळेल, हलकी चांदी की भारी ते नाही.

दुसरा २७४ ग्रॅम, पाण्यात ३१.६, भागाकार ८.६७. इथे डोकं लावायची गरजच नाही, कारण चांदी-तांब्याचं कुठलंही भरीव मिश्रण तांब्याच्या ८.९६ च्या खाली जाऊच शकत नाही. एकतर पितळ किंवा जर्मन सिल्व्हर आहे, किंवा आत पोकळी आहे. बुडवल्यावर एखाद्या ठिकाणाहून बुडबुड्यांची बारीक रांग निघाली तर पोकळी, नाही निघाली आणि वाजवल्यावर खणखणीत आवाज आला तर मुलामा दिलेला गिलीट.

तिसरा १८८ ग्रॅम, पाण्यात ४१.५, भागाकार ४.५३. इतका कमी आकडा बघून लोक लगेच "डुप्लिकेट" म्हणतात आणि इथे मात्र मी थांबायला सांगेन. पोकळ घडवून आत लाख भरलेले दागिने आपल्याकडे जुन्या काळापासून होत आलेत, लाख भरली की पातळ पत्र्याला पोचे पडत नाहीत आणि गरीबालाही जाडजूड तोडा घालता येतो. म्हणजे पोकळ आहे एवढ्यावरून नवा-जुना ठरत नाही. फक्त चांदी किती ते हिशोबाने काढता येतं, लाख घनसेंटीमीटरला साधारण १.१५ ग्रॅम धरली आणि पत्रा चांगल्या चांदीचा, १०.२ चा मानला, तर ४१.५ पैकी साडेपंधरा घनसेंटीमीटर चांदी आणि २६ घनसेंटीमीटर लाख असं बसतं, वजनात १५८ ग्रॅम चांदी आणि ३० ग्रॅम लाख. पूर्ण १८८ ग्रॅमला चांदीचा भाव लावणारा दुकानदार तुम्हाला ३० ग्रॅम लाख चांदीच्या भावाने देतोय. (असा तोडा पाण्यात जास्त वेळ ठेवू नका आणि गॅसवर तर अजिबात धरू नका, लाख वितळून बाहेर येते.)

मग पोकळात जुना-नवा कसा ओळखायचा? नवीन बहुतेक डायमध्ये दाबलेल्या दोन अर्ध्या पत्र्यांचे असतात, आतून आणि बाहेरून अशा दोन सरळ, एकसारख्या झाळीच्या रेघा भिंगातून दिसतात. जुन्या हातकामात ठशाचे ठिपके थोडे वाकडेतिकडे, अंतर कमीजास्त असतं. जोडीतले दोन्ही तोडे शेजारी ठेवा आणि एखादा पोचा किंवा चुकलेला ठिपका दोन्हीवर त्याच जागी आहे का बघा, असेल तर ते एकाच साच्यातून निघालेत, म्हणजे कुणीतरी जुन्या तोड्याचा साचा काढून त्याचा पोचासुद्धा ओतलाय! झीजही बघायची. वर्षानुवर्षं पायात राहिलेला तोडा घोट्याच्या आतल्या बाजूला, जिथे दोन पायांतले तोडे एकमेकांवर घासतात, तिथे जास्त गुळगुळीत असतो आणि खाचांत काळा राहतो. गंधकाने काळा केलेला माल आधी सगळीकडे सारखाच काळा असतो, मग उंचवटे बफने चकचकीत करतात, ते आतल्या बाजूलाही आणि बाहेरच्याही तितकेच.

कमरपट्ट्याचं थोडं वेगळं आहे. गुंफलेल्या कड्यांमध्ये हवा खूप अडकते, त्यामुळे तो आधी साबणाच्या पाण्यात चांगला धुऊन मगच तोलायचा. आणि त्यात सगळ्यात कॉमन लबाडी म्हणजे साखळी चांदीची आणि पुढची अडकवायची आकडा-फुली गिलीटची. समजा ४२० ग्रॅमच्या पट्ट्यात ३५० ग्रॅम कलदारी चांदी आणि ७० ग्रॅम जर्मन सिल्व्हर असेल तर भागाकार ९.९८ येतो, आणि तुम्हाला वाटेल पट्टा एकसारख्या ७० टक्के चांदीचा आहे. पाणी फक्त सरासरी सांगतं, म्हणून आकडा-फुली आणि साखळी वेगवेगळी कसोटीवर घासून घ्यायला सांगा.

शिसं ही या पद्धतीची खरी पंचाईत. शिसं ११.३४ चं, चांदीपेक्षा जड, त्यामुळे हलक्या धातूच्या पोकळ तोड्यात मोजून शिसं ओतलं तर सरासरी बरोबर १०.३ वर आणता येते. आकडा १०.५ च्या वर गेला तर चोरी उघडच पडते, कारण तेवढी जड चांदी नसतेच, पण मधे बसवला असेल तर दोऱ्याला टांगून टिचकी मारायची, शिसं भरलेला तोडा वाजत नाही, थप्प करतो. लाखेचाही आवाज तसाच बसका असतो पण तो भागाकारात आधीच पकडला जातो. तरी शंका राहिलीच तर सराफाला कडेला, फासाच्या आतल्या बाजूला बारीक ड्रिल मारून आतल्या भुग्याचा टंच काढायला सांगायचं. वरून कानस मारू देऊ नका, त्याने जुन्या दागिन्याची रया जाते आणि वर सांगितलेली ती साल खरवडली जाऊन भुग्यात मिसळते आणि आकडा पुन्हा जास्तच येतो.