प्रबोधनकाळातील प्रमाणविचार: आराखडा सहज जुळला, घुमट अडून बसला

‘प्रबोधनकाळात अभिजात प्रमाणबद्धतेचे पुनरुज्जीवन झाले आणि त्याचा आराखडा, दर्शनी भाग व घुमट यांवर परिणाम झाला’ हे विधान परीक्षेत जवळजवळ असेच विचारले जाते. बहुतेक उत्तरांत तिन्ही परिणाम एकाच मापाने मोजलेले असतात, जणू एक नियम सापडला आणि तो तिन्ही ठिकाणी लागू झाला. प्रत्यक्षात तसे घडले नाही. आराखड्यात हा नियम सहज बसला. दर्शनी भागात तो बसवायला युक्ती लढवावी लागली. घुमटात मात्र वजनापुढे नियमालाच वाकावे लागले. हा फरक ज्याला कळला त्याचे उत्तर आपोआप वेगळे होते, म्हणून ही पार्श्वभूमी त्याच क्रमाने मांडतो.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. गॉथिक कारागिरांना प्रमाण माहीत नव्हते, असे लिहू नये. मिलान कॅथेड्रलचे काम चालू असताना 1391 मध्ये उंची चौरसावरून ठरवायची की समभुज त्रिकोणावरून, हा वाद इतका पेटला की पिआचेन्झाहून गाब्रिएले स्टोर्नालोको नावाच्या गणितज्ञाला सल्ल्यासाठी बोलवावे लागले. म्हणजे प्रमाण होते, पण ते भूमितीतून येत होते: दोरी ताणायची, कर्ण काढायचा, कंपास फिरवायचा. चौरसाचा कर्ण किंवा समभुज त्रिकोणाची उंची पूर्णांकात सांगता येत नाही. फ्लॉरेन्सच्या नव्या वास्तुकारांना हवे होते ते पूर्णांकांचे नाते: एकास एक, एकास दोन, दोनास तीन. इमारतीचा लहान भाग मोठ्या भागात नेमका मोजता यावा, ही त्यांची अट होती.

या विचाराला आधार मिळाला तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याच्या दहा भागांच्या ग्रंथातून. त्याच्या प्रती मध्ययुगातही होत्या. पण जुनी हस्तलिखिते शोधणाऱ्या पोज्जो ब्राचोलिनीला सेंट गॉलच्या मठात एक प्रत सापडली आणि पंधराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून इटलीतील विद्वान त्याच्याकडे नव्या नजरेने पाहू लागले. तिसऱ्या भागात विट्रुव्हियस म्हणतो की मंदिराचे अवयव माणसाच्या अवयवांसारखे एकमेकांशी जुळलेले असावेत. हनुवटीपासून केसांच्या मुळांपर्यंतचा चेहरा उंचीच्या एक दशांश, पाऊल एक षष्ठांश, आणि हात पसरलेला माणूस चौरसात व वर्तुळातही मावतो. वास्तुकार लिओन बात्तिस्ता आल्बेर्तीने 1450 च्या सुमारास स्वतःचा ग्रंथ लिहिताना यात संगीताची भर घातली. तार अर्ध्यावर दाबली की वरचा षड्ज ऐकू येतो, म्हणजे एकास दोन. दोन तृतीयांश लांबीवर पंचम, तीन चतुर्थांशावर मध्यम. आपल्याकडे तानपुरा जुळवणाऱ्याला हे नाते कानाने माहीत असते. आल्बेर्तीचे म्हणणे होते की कानाला जे आकडे गोड लागतात, तेच डोळ्यालाही समाधान देतात.

आराखड्यात हा विचार कसा उतरला ते फ्लॉरेन्सचा वास्तुकार फिलिप्पो ब्रुनेलेस्की याच्या कामात स्वच्छ दिसते. 1419 मध्ये सुरू झालेल्या फ्लॉरेन्सच्या अनाथालयाच्या नऊ कमानींच्या व्हरांड्यात एक साधी गोष्ट आहे. स्तंभाची उंची, दोन स्तंभांतील अंतर आणि स्तंभापासून मागच्या भिंतीपर्यंतची खोली ही तिन्ही मापे सारखी आहेत. म्हणजे प्रत्येक खण हा हवेचा एक घन आहे आणि त्यावर अर्धवर्तुळाकार कमान बसली आहे. पाहणाऱ्याला ही मापे कोणी सांगावी लागत नाहीत. एक खण डोळ्यात भरला की उरलेले आठ कळतात.

सांतो स्पिरितो चर्चमध्ये त्याने हेच पुढे नेले. बाजूच्या मार्गिकेचा एक चौरस खण हे एकक. मधल्या दालनाची रुंदी त्याच्या दुप्पट, आणि त्या दालनाची उंची रुंदीच्या दुप्पट. उभे आणि आडवे दालन जिथे छेदतात तो मधला छेदचौक चार लहान चौरसांएवढा. उत्तरात आकृती काढायची तर आधी हा एकच लहान चौरस काढा आणि त्याचीच पुनरावृत्ती करत पूर्ण प्लॅन तयार करा. परीक्षकाला मॉड्यूल समजावून सांगणारा परिच्छेद मग लिहावाही लागत नाही.

दर्शनी भागाशी आल्यावर मात्र अडचण सुरू होते. अभिजात नमुना म्हणजे मंदिराचे तोंड: ओळीने स्तंभ, त्यावर आडवी पट्टी, वर त्रिकोणी पेडिमेंट. चर्चचा छेद असा नसतो. मधले दालन उंच आणि दोन्ही बाजूंच्या मार्गिका बुटक्या. मंदिराचे तोंड मधल्या उंचीला लावले तर बाजू उघड्या पडतात, पूर्ण रुंदीला लावले तर ते एकतर बसके होते किंवा प्रचंड.

आल्बेर्तीने सांता मारिया नोव्हेला या फ्लॉरेन्समधील चर्चवर यातून वाट काढली. खालचा काही भाग आधीच्या शतकात गॉथिक पद्धतीने बांधून झाला होता, टोकदार कमानींचे कोनाडे आणि बाजूची दारे तशीच ठेवणे भाग होते. व्यापारी जोव्हान्नी रुचेल्लाईने खर्च उचलला. त्याचे नाव आणि 1470 हे वर्ष आजही वरच्या पट्टीवर मोठ्या रोमन अक्षरांत वाचता येते.

कागदावर 8 सेंटिमीटरचा चौरस काढा. संपूर्ण दर्शनी भाग जमिनीपासून पेडिमेंटच्या टोकापर्यंत या चौरसात मावतो. आता त्याचे 4 सेंटिमीटरचे चार चौरस करा. खालचे दोन मिळून खालचा मजला होतो. वरचा मजला तेवढ्याच एका चौरसाचा, पण तो मधोमध ठेवलेला, म्हणजे दोन्ही बाजूंना 2 सेंटिमीटरची रिकामी जागा उरते. तिथे बुटक्या मार्गिकांचे उतरते छप्पर दिसले असते. आल्बेर्तीने तिथे दगडी वेटोळी बसवली, म्हणजे व्होल्यूट. रुंद खालचा मजला आणि अरुंद वरचा मजला यांना ती सांधतात आणि छपराचा उतार झाकतात. दोन मजल्यांच्या मध्ये एक उंच पट्टा आहे. तो नसता तर खालचे स्तंभ आणि वरचे स्तंभ एका रेषेत नाहीत हे लगेच खटकले असते. मला हा पट्टा वेटोळ्यांहूनही हुशारीचा वाटतो, कारण तो चूक लपवत नाही, दोन्ही मजल्यांना श्वास घ्यायला जागा देतो. पुढची दोन शतके युरोपात असंख्य चर्चनी हीच वेटोळी उचलली.

आल्बेर्ती स्वतः मापांबाबत किती कडक होता ते एका पत्रातून कळते. रिमिनी येथील चर्चचे काम पाहणाऱ्या मात्तेओ दे पास्तीला 1454 मध्ये त्याने कळवले की खांबांची मापे कुठून आली ते तुला दिसते आहे, त्यात काही बदललेस तर सगळे संगीत बेसूर होईल. याच पत्रात घुमटाचाही वाद आहे. कोणी मानेत्तो म्हणत होता की घुमट रुंदीच्या दुप्पट उंच हवा. आल्बेर्तीचे उत्तर होते की त्याच्यापेक्षा आपला विश्वास रोमची स्नानगृहे आणि पँथिऑन हे प्राचीन गोल मंदिर बांधणाऱ्यांवर आहे.

पँथिऑन हा आदर्श का होता ते त्याच्या एका मापात आहे. आतला व्यास सुमारे 43.3 मीटर आणि जमिनीपासून वरच्या गोल झरोक्यापर्यंतची उंचीही तेवढीच. आत एक पूर्ण गोळा मावतो. पण अर्धगोल घुमट आपल्या पायथ्याला बाहेर ढकलतो. रोमनांनी त्यावर सुमारे 6 मीटर जाडीची भिंत आणि पायथ्याशी पायऱ्यांसारखी भर घालून उत्तर दिले. ती भिंत जमिनीवर उभी आहे.

फ्लॉरेन्स कॅथेड्रलचा घुमट मात्र उंचावरील अष्टकोनी ढोलावर, म्हणजे घुमट पेलणाऱ्या उभ्या भिंतींवर उभारायचा होता, आणि बाहेरून टेकू द्यायचे नाहीत हे 1367 मध्येच ठरले होते. म्हणून घुमटाची रेषा टोकदार ठेवली गेली. कारागीर तिला ‘टोकदार पाचवी’ म्हणत: व्यासाचे पाच भाग करायचे आणि चार भागांच्या त्रिज्येने दोन्ही बाजूंनी कमान काढायची. व्यास 10 धरला तर अर्धगोलाची उंची 5 येते, या कमानीची जवळपास 7.4. कमान जितकी उभी, तितका बाहेरचा दाब कमी.

1420 ते 1436 या काळात ब्रुनेलेस्कीने हा घुमट खालून लाकडी आधार न देता बांधला. दोन पापुद्रे, मासळीच्या काट्यासारखी तिरपी वीटरचना, आणि आत दगडाच्या व लाकडाच्या कड्या, पिंपाला पट्टे आवळावेत तशा. इथेच सर्वांत जास्त गुण जातात. हा घुमट ‘अभिजात प्रमाणाचा’ म्हणून लिहिला जातो, पण त्याची बाह्यरेषा गॉथिक आहे आणि ती ब्रुनेलेस्कीच्या जन्माआधीच ठरली होती. नवेपण आहे ते बांधकामात आणि माथ्यावरच्या अभिजात घडणीच्या छोट्या मनोऱ्यात, म्हणजे लँटर्नमध्ये. ब्रुनेलेस्कीचा अभिजात घुमट दाखवायचा तर सान लोरेन्झो चर्चच्या जुन्या साक्रिस्तीकडे, म्हणजे धर्मगुरूंच्या तयारीच्या दालनाकडे बोट दाखवा: खाली घन, वर लहानसा घुमट. व्यास लहान, म्हणून तिथे आकड्यांना हवे तसे वागता आले.

पुढच्या पिढीतील वास्तुकार ब्रामान्तेनेही रोममध्ये तेम्पिएत्तो लहानच ठेवले: 16 स्तंभांचे गोल मंदिर, त्यावर अर्धगोल. मग 1506 मध्ये सेंट पीटर बासिलिकासाठी तोच विचार त्याने पँथिऑनच्या मापाला नेला. समान चार भुजांचा क्रूस आणि मध्ये अर्धगोल घुमट. त्याने उभारलेले चार खांब या ओझ्याला अपुरे ठरले आणि पुढच्या वास्तुकारांना ते जाड करावे लागले. त्यांपैकी मायकेलअँजेलोने घुमटाची रचना केली; त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या तिच्या छापचित्रांत घुमट अर्धगोल आहे. 1588 ते 1590 मध्ये जाकोमो देल्ला पोर्ताने तो प्रत्यक्ष बांधला तेव्हा रेषा उभी करून उंची वाढवली. तरीही दीडशे वर्षांनी उभ्या भेगा इतक्या वाढल्या की 1740 च्या दशकात गणितज्ञ जोव्हान्नी पोलेनीच्या सल्ल्याने नव्या लोखंडी कड्या आवळाव्या लागल्या. उभी भेग हीच खूण: पायथा पसरतो आहे.

आराखड्यालाही शेवटी उपासनेपुढे नमावे लागले. समभुज क्रूसात मिरवणुकीला लांबी मिळत नाही आणि भाविकांना एका दिशेने बसवता येत नाही. म्हणून 1607 पासून कार्लो मादेर्नोने पुढे लांब दालन जोडले आणि त्याला रुंद दर्शनी भाग दिला. समोरच्या चौकात बासिलिकेजवळ उभे राहिले की या दर्शनी भागामागे ढोल झाकला जातो. जुन्या गोव्यातील सेंट कॅजेटन चर्च याच सेंट पीटरच्या नमुन्यावर सतराव्या शतकात इटालियन थिएटाइन धर्मगुरूंनी उभारले. तिथे क्रूसाच्या भुजा आखूडच राहिल्या, म्हणून आत शिरताच काही पावलांत माणूस अर्धगोल घुमटाखाली पोहोचतो.