वेल्क्रोची खिडकी-जाळी : माप, वीण आणि बसवण्याची रीत

ही जाळी खिडकीच्या पोकळीत बसत नाही, वेल्क्रोच्या पट्टीने चौकटीवर चिकटते. म्हणून पोकळीभोवती चारही बाजूंना किमान 25 मिमी सपाट जागा लागते. चौकट अरुंद असेल तर पट्टी भिंतीवर घ्यावी लागेल. तसे ऑर्डरमध्ये लिहा. झडपा बाहेर उघडत असतील तर जाळी आतून बसते. आत उघडत असतील तर ती बाहेरूनच लावावी लागते. कडी किंवा हँडल चौकटीच्या पुढे येत असेल तर तिथे जाळी फुगते, हेही आधी पाहा.

माप स्टीलच्या टेपने, मिलिमीटरमध्ये घ्या. इंच-सुतात घेतलेल्या मापांतच सर्वाधिक गोंधळ होतो. रुंदी वर, मध्ये आणि खाली. उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. समजा रुंदी 1190, 1195, 1192 आली आणि उंची 1215, 1218, 1216. जाळीने पोकळी पूर्ण झाकायची असल्यामुळे दोन्हींतले मोठे माप धरायचे : 1195 × 1218, रुंदी आधी. पट्टीसाठी दोन्ही बाजूंचे मिळून 50 मिमी आम्ही मिळवतो, म्हणजे तयार जाळी 1245 × 1268 होते. तुम्हीही 50 मिळवून पाठवलेत तर जाळीची कड पट्टीच्या बाहेर जाते आणि झोळ पडतो. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. फरक 10 मिमीपेक्षा जास्त असेल तर खिडकी गुण्यात नाही, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. दोन्ही कर्ण कळवा, त्याप्रमाणे कापू.

वीण 18×16 म्हणजे एका इंचात एकीकडे 18 आणि दुसरीकडे 16 छिद्रे, चौरस इंचात 288. मच्छरदाणीवर ‘156’ लिहिलेले असते तो मात्र 12×13 चा गुणाकार असतो, त्यामुळे आकडा मोठा म्हणून वीण दाट असे समजू नका. डासांसाठी 18×16 पुरते. बारीक चिलटे येत असतील तर 20×20 घ्या, पण वारा थोडा कमी येईल.

चिकट पाठीची काटेरी पट्टी चौकटीवर जाते. मऊ पट्टी जाळीला शिवलेली येते. चौकट आधी ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करा. हात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागते अशा डिस्टेंपरवर गोंद भुकटीलाच धरतो आणि पट्टी रंगासकट सुटते. तो थर आधी खरवडा. वरची पट्टी सलग लावा आणि बाजूच्या पट्ट्या तिला भिडवा, कारण कोपऱ्यातल्या फटीतूनच डास शिरतात. पट्टी जोराने दाबून 24 तास तशीच ठेवा, मगच जाळी लावा : आधी वरचे दोन कोपरे, मग वरची कड मध्यापासून बाहेर, नंतर बाजू, शेवटी खालची कड. ताणून लावू नका, सततच्या ओढीने पट्टी उचलते.

धुण्यासाठी काढताना एका हाताने चौकटीवरची पट्टी दाबून धरा आणि जाळी कोपऱ्यापासून हळूहळू सोडवा.