एफडीची शिडी: एकच दर असण्याच्या काळापासून आजच्या दरपत्रकापर्यंत

हातातली सगळी रक्कम एकाच मुदत ठेवीत न घालता तिचे पाच भाग करायचे. पहिला भाग एक वर्षासाठी, दुसरा दोन वर्षांसाठी, असं करत शेवटचा पाच वर्षांसाठी ठेवायचा. दरवर्षी एका पावतीची मुदत संपते. पैसे लागणार असतील तर ती घ्यायची, नसतील तर पुन्हा पाच वर्षांसाठी ठेवायची. चार वर्षं उलटली की हातातल्या सगळ्या पावत्या पाच वर्षांच्या असतात, तरीही दरवर्षी त्यातली एक मोकळी होते. शिडी म्हणतात ती एवढीच. ही युक्ती आज सगळीकडे सांगितली जाते, पण भारतीय ठेवीदाराला तिची खरी गरज पडली ती गेल्या तीसेक वर्षांत. त्याआधी व्याजदरच तसे नव्हते.

१९६४ पासून ठेवींवरच्या व्याजाला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घालायला सुरुवात केली आणि पुढे तीनेक दशकं मुदतीनुसार दर वरूनच ठरून येत. या बँकेत गेलं काय नि त्या बँकेत गेलं काय, तीन वर्षांच्या ठेवीला व्याज जवळपास तेच. लांब मुदतीला जास्त दर मिळायचा, म्हणून ज्याला पैसे अडकवून ठेवणं परवडत होतं तो सरळ सर्वांत लांब मुदत निवडायचा. दर क्वचितच बदलत. पावती संपेल तेव्हा काय दर असेल ही चिंता आजच्याइतकी नव्हती. त्या काळातही लोक वेगवेगळ्या पावत्या करत, पण कारण घरगुती असे: ही मुलीच्या लग्नाची, ती घराच्या डागडुजीची.

मुदत आणि दर यांचं नातं किती नाजूक असतं हे १९८५ मध्ये महिन्याभरात दिसलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने पंधरा दिवसांपासून एक वर्षापर्यंतच्या ठेवींचे दर ठरवायची मोकळीक बँकांना दिली. अट एकच, दर ८ टक्क्यांच्या वर जायला नको. अपेक्षा अशी की बँका मुदतीप्रमाणे दरांच्या पायऱ्या लावतील. काही बँकांनी मात्र पंधरा दिवसांच्या ठेवीलाच थेट ८ टक्के देऊ केले. बचत खात्यावर तेव्हा ५ टक्के मिळत होते आणि चालू खात्यावर काहीच नाही. साहजिकच चालू आणि बचत खात्यांतला, इतकंच काय लांब मुदतीच्या ठेवींमधलाही पैसा पंधरा दिवसांच्या ठेवींकडे वळू लागला. इतर बँकांनाही तोच दर द्यावा लागला. मे महिन्यात ही मोकळीक काढून घेण्यात आली. ठेवीदारांचं यात काही चुकलं नव्हतं. पंधरा दिवस थांबून एक वर्षाचा दर मिळत असेल तर वर्षभर थांबणार कोण?

पुढची पावलं जपून टाकली गेली. एप्रिल १९९२ मध्ये मुदतवार दर रद्द करून ४६ दिवसांच्या वरच्या सगळ्या ठेवींसाठी १३ टक्क्यांची एकच कमाल मर्यादा ठेवली गेली. ऑक्टोबर १९९५ मध्ये दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या ठेवी मोकळ्या झाल्या, जुलै १९९६ मध्ये एक वर्षावरच्या आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये उरलेल्या सगळ्या. लांब टोकाकडून आखूड टोकाकडे येण्याचा हा क्रम १९८५ च्या बरोबर उलटा आहे, आणि माझ्या मते तो त्या अनुभवाचाच धडा होता.

दर मोकळे झाले त्याच सुमारास ते उतरणीला लागले. १९९०च्या दशकाच्या मध्यात बारा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होतं, ते २००३-०४ पर्यंत साडेपाच-सहा टक्क्यांवर आलं. व्याजावर घर चालवणाऱ्या निवृत्त माणसाला पुनर्गुंतवणुकीची जोखीम म्हणजे काय ते तेव्हा कळलं. ज्याची संपूर्ण रक्कम एकाच मोठ्या पावतीत होती, त्याचं मासिक व्याज ती पावती संपली त्या दिवशी एकदम निम्म्यावर आलं. ज्याच्या पाच पावत्या वेगवेगळ्या वर्षी संपत होत्या, त्याचंही उत्पन्न घटलं, पण दरवर्षी पाचव्या हिश्शापुरतं. घसरण शिडीने टळत नाही, ती पाच वर्षांत वाटली जाते. दर वाढत असतील तर हेच उलट लागू पडतं: वाढलेल्या दराचा फायदा शिडीवाल्याला हप्त्याहप्त्याने मिळतो.

शिडीच्या बाजूने दुसरं कारण सांगितलं जातं ते हाताशी पैसा असण्याचं. एप्रिल १९९८ मध्ये मुदतीआधी ठेव मोडल्यास किती दंड घ्यायचा हे ठरवायचं स्वातंत्र्य बँकांना मिळालं. आज अनेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात. पण खरा फटका या दंडाचा नसतो. ठेव मोडली की ज्या दराने ती केली होती तो दर मिळत नाही. ती जितके दिवस प्रत्यक्ष राहिली, तेवढ्या मुदतीला ठेव करताना जो दर होता तो धरला जातो आणि त्यातून दंड वजा होतो.

एक हिशोब मांडून बघू. समजा पाच लाख रुपये आहेत आणि बँकेचा दर एक वर्षाला ६, दोन वर्षांना ६.२५, तीन आणि चार वर्षांना ६.५ आणि पाच वर्षांना ६.७५ टक्के आहे. दंड अर्धा टक्का. विसाव्या महिन्यात एक लाखाची गरज पडते. चक्रवाढ बाजूला ठेवू.

पाच लाखांची पाच वर्षांची एकच ठेव असेल आणि बँक ती अर्धवट मोडू देत नसेल, तर अख्खी ठेव मोडावी लागते. वीस महिन्यांना एक वर्षाचा ६ टक्के दर लागू होतो, दंड जाऊन ५.५ उरतो. म्हणजे पाच लाखांवर वीस महिने सव्वा टक्का कमी, सुमारे १०,४०० रुपयांचं नुकसान. शिडी असेल तर दोन वर्षांची एक लाखाची पावती मोडायची. तिथे ६.२५ ऐवजी ५.५ टक्के मिळतात आणि नुकसान १,२५० रुपयांचं होतं.

ही तुलना शिडीच्या बाजूने नेहमी दिली जाते, आणि ती थोडी फसवी आहे. मध्ये एक तिसरा पर्याय आहे: पाचही पावत्या प्रत्येकी एक लाखाच्या, पण सगळ्या पाच वर्षांच्याच. त्यातली एक मोडली तर एक लाखावर वीस महिने सव्वा टक्का, म्हणजे सुमारे २,१०० रुपये जातात. दहा हजारांचं नुकसान दोन हजारांवर आलं ते तुकडे केल्यामुळे. मुदती पुढेमागे ठेवल्याने त्यात आणखी आठशे-साडेआठशे रुपये वाचले, इतकंच. उलट शिडीचा सुरुवातीचा सरासरी दर ६.४ टक्के पडतो, ६.७५ नाही. पहिल्याच वर्षी पाच लाखांवर १,७५० रुपये व्याज कमी मिळतं. ठेवीवर ओव्हरड्राफ्टही मिळतो, बहुतेक वेळा ठेवीच्या दरापेक्षा टक्काभर जास्त दराने. चार महिन्यांसाठी एक लाख घेतले तर निव्वळ खर्च तीन-साडेतीनशे रुपयांचा. तेव्हा केवळ अडीअडचणीसाठी शिडी करत असाल तर नुसते तुकडे पुरतात. शिडीची किंमत वसूल होते ती दोन ठिकाणी: ठरल्या वर्षी ठरावीक रक्कम लागणार असेल तिथे, आणि पुढचे दर कुठे जातील याची खात्री नसेल तिथे. ती खात्री कुणालाच नसते, हा भाग वेगळा.

गेल्या काही वर्षांत तर ‘लांब मुदत, जास्त दर’ हे गृहीतकच डळमळलं आहे. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना थोड्या दिवसांसाठी कर्ज देते, तो रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर गेला. याच काळात बँकांनी विचित्र दिवसांच्या खास ठेवी आणल्या. स्टेट बँकेची ४०० दिवसांची ‘अमृत कलश’ २०२३ मध्ये ७.१ टक्के देत होती, तर तिथेच पाच वर्षांच्या ठेवीला ६.५ टक्के होते. बँकेला तेव्हा पैसा हवा होता, पण तो चढा दर पाच वर्षं देत राहायची तिची तयारी नव्हती. दरपत्रकाचा मधला भाग असा फुगलेला असतो तेव्हा शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर कमी व्याज मिळतं आणि हिशोब करणारा माणूस सगळी रक्कम ४०० दिवसांत टाकतो. त्याने ती टाकली तर एका वर्षासाठी त्याचं बरोबरच असतं. पुढे २०२५ मध्ये रेपो दर चार वेळा कमी होत डिसेंबरात ५.२५ टक्क्यांवर आला. २०२३ मध्ये कमी दराने केलेली पाच वर्षांची पावती मात्र २०२८ पर्यंत आपले ६.५ टक्के देत राहणार आहे. अशा दरपत्रकात शिडी करायचीच तर फुगलेल्या मुदतीत एक पायरी जास्त घालावी, पण लांबची पायरी पूर्ण काढू नये, असं मला वाटतं.

शिडी मोडते ती बहुतेक वेळा दरांमुळे नाही, पावतीवरच्या एका सूचनेमुळे. ठेव करताना ‘मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरण’ निवडलेलं असतं, आणि बँक साधारणपणे मूळ मुदतीइतकंच नूतनीकरण करते. एक वर्षाची पावती पुन्हा एक वर्षाची होते, दोनची दोनची. अपेक्षेप्रमाणे ती पाच वर्षांची कधीच होत नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एक आणि दोन वर्षांच्या अशा दोन्ही पावत्या एकाच वेळी संपतात, चौथ्या वर्षी तीन एकत्र. पावत्यांच्या मुदतसमाप्तीच्या तारखा एका कागदावर खाली खाली लिहिल्या की हे लगेच दिसतं: दोन तारखा एकाच वर्षात आणि पुढचं वर्ष रिकामं असेल तर शिडी राहिलेली नाही. नूतनीकरणाची सूचनाच दिली नसेल तर वेगळी अडचण. जुलै २०२१ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मुदत संपून पडून राहिलेल्या ठेवीवर बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यातला कमी असेल तो मिळतो. म्हणून पहिल्या चार पावत्यांना ‘रक्कम बचत खात्यात जमा करावी’ अशी सूचना द्यावी आणि त्या त्या दिवशी आपल्या हाताने पाच वर्षांची नवी ठेव करावी.

पाच पावत्या म्हणजे पाच विमे नव्हेत, हेही लक्षात ठेवावं. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख आहे. एकाच बँकेतल्या एका व्यक्तीच्या सगळ्या ठेवी, सगळ्या शाखांमधल्या, व्याजासकट त्यात एकत्र धरल्या जातात. वरच्या उदाहरणातले पाच लाख एका बँकेत ठेवले तर पहिल्या वर्षाचं व्याज जमा होताच ते मर्यादेबाहेर जातात. दोन-तीन पायऱ्या दुसऱ्या बँकेत ठेवल्या की हा प्रश्न सुटतो.