रेनस्क्रीन आणि व्हेंटिलेटेड फसाड: पोकळी एक, कामं दोन

इमारतीच्या बाहेर ब्रॅकेटवर टाइल, दगड किंवा पत्र्याचे पॅनेल उभे केले आणि मागे बोटभर-दोन बोटं पोकळी सोडली, की ठेकेदार त्याला कधी रेनस्क्रीन म्हणतो, कधी व्हेंटिलेटेड फसाड, तर कधी नुसतं ड्राय क्लॅडिंग. समोरून पाहिलं तर तिन्ही सारखीच दिसतात. पण रेनस्क्रीनमधली पोकळी पावसाचं पाणी अडवण्यासाठी असते आणि व्हेंटिलेटेड फसाडमधली हवा खेळवण्यासाठी. एका कामासाठी पोकळी बंदिस्त करावी लागते, दुसऱ्यासाठी मोकळी ठेवावी लागते. त्यामुळे नक्की काय हवं आहे हे ठरवल्याशिवाय काम सुरू केलं, तर बरेचदा दोन्ही फायदे हातचे जातात.

आधी पाणी. समजा, माहीमच्या किनाऱ्याजवळ पाच मजली सोसायटी आहे. तिची पश्चिमेची भिंत 15 मीटर उंच आहे, गिलाव्याला केसासारख्या चिरा आहेत आणि दर जुलैत आतल्या रंगाला पोपडे येतात. झड लागते तेव्हा भिंतीवरून पाण्याचा पातळ पडदा वाहत असतो. ताशी 72 किलोमीटरचा वारा त्यावर साधारण 240 पास्कलचा दाब देतो, म्हणजे पाणी सुमारे 24 मिलिमीटर वर चढवण्याइतका. खोलीतला दाब कमी असतो, म्हणून ते पाणी चिरेतून आत ढकललं जातं. चीर, पाणी आणि दाबातला फरक हे तिन्ही एकाच जागी आले की भिंत गळते. यातलं एक जरी काढलं तरी गळती थांबते. रंगाचे थर आणि सिलिकॉन फक्त चीर बुजवतात. ऊन-पावसात भिंत हलते आणि चीर पुन्हा उघडते.

रेनस्क्रीन दाबातला फरक काढतं. 1960च्या दशकात नॉर्वे आणि कॅनडातल्या संशोधकांनी याची नीट मांडणी केली. बाहेरच्या पॅनेलच्या सांध्यांतून वारा पोकळीत शिरू द्यायचा, म्हणजे पोकळीतला दाब बाहेरच्या दाबाइतका होतो आणि पाण्याला आत ढकलणारं काही उरत नाही. मात्र त्यासाठी आतली मूळ भिंत हवाबंद हवी. ती हवा गळत असेल तर पोकळीत दाब टिकतच नाही. दुसरी अट कोपऱ्यांची. इमारतीच्या कोपऱ्यावर वारा एका बाजूला ढकलतो आणि दुसऱ्या बाजूला ओढतो. पोकळी कोपऱ्याभोवती अखंड असली, तर हवा आतल्या आत एका बाजूकडून दुसरीकडे पळते आणि पाणीही बरोबर नेते. म्हणून कोपऱ्यांवर उभ्या पट्ट्या बसवून पोकळीचे कप्पे करतात. वाऱ्याचे झोत सतत बदलत असल्यामुळे दाब अगदी तंतोतंत जुळत नाही, थोडं पाणी आत येतंच. ते मूळ भिंतीवरच्या जलरोधक मेंब्रेनवरून खाली उतरून तळाच्या फटीतून बाहेर पडलं पाहिजे. एवढ्यासाठी फार रुंद पोकळीही लागत नाही. साधारण 10 मिलिमीटर अंतर असलं की पाण्याचा थेंब पॅनेलवरून भिंतीला चिकटून आत जाऊ शकत नाही.

व्हेंटिलेटेड फसाडमध्ये याउलट तळापासून माथ्यापर्यंत हवेचा रस्ता सलग लागतो. पॅनेल तापलं की मागची हवा गरम होऊन वर चढते, माथ्याच्या फटीतून बाहेर पडते आणि खालून ताजी हवा येते. जर्मन मानक किमान 20 मिलिमीटर पोकळी आणि खाली-वर दर मीटर लांबीला किमान 50 चौरस सेंटिमीटरची उघडी जागा मागतं. प्रत्यक्षात बांधकामातला तिरकसपणा धरून 40 ते 50 मिलिमीटर सोडलेलं बरं.

ही वर जाणारी हवा किती गारवा देते, याबद्दल विक्रेते बरंच बोलतात. आपल्याच भिंतीवर हिशोब करून पाहू. पोकळी 40 मिलिमीटर, हवेचा वेग सेकंदाला 0.3 मीटर आणि माथ्यावर बाहेर पडणारी हवा आत आलेल्या हवेपेक्षा 8 अंशांनी गरम धरली, तर भिंतीच्या एक मीटर रुंदीमागे साधारण 115 वॅट उष्णता बाहेर जाते. 15 चौरस मीटरवर वाटली तर प्रत्येक चौरस मीटरला आठेक वॅट. दुपारी चारला पश्चिमेच्या भिंतीवर पडणारं ऊन शेकडो वॅटमध्ये असतं. मग भिंत गार का राहते? मुख्यतः सावलीमुळे. ऊन पॅनेल झेलतं, त्यातली बहुतेक उष्णता ते बाहेरच्या बाजूनेच परत टाकतं आणि मूळ भिंतीवर ऊन थेट पडतच नाही. वाहती हवा उरलेल्यातला काही भाग नेते. पण फिकट रंगाचं पॅनेल आणि मागे रॉकवुलचा उष्णतारोधक थर यांनी तापमानात जास्त फरक पडतो.

हवेचं मोठं काम भिंत वाळवण्याचं आहे. मुंबईत जुलैची हवा स्वतःच दमट असते, त्यामुळे वाळणं सावकाश होतं. पण अधूनमधून ऊन आलं की पोकळीतली हवा तापते, तिची पाणी शोषायची ताकद वाढते आणि गिलाव्यातला ओलावा बाहेर निघतो. गिलाव्यावर घट्ट पॅनेल चिकटवलं असतं तर तोच ओलावा आत अडकला असता. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हवी. पावसाळ्यात इथला दवबिंदू 25 अंशांच्या आसपास असतो आणि एसीची खोली त्याहून थंड. म्हणजे बाष्प बाहेरून आत येतं. युरोपात थंडीसाठी भिंतीच्या आतल्या बाजूला बाष्परोधक थर देतात. तोच नकाशा इथे उचलला आणि आत विनाइल वॉलपेपर लावला, तर त्याच्या मागे पाणी साचून बुरशी येते.

मग किनाऱ्यावरच्या भिंतीला दोन्ही गुण मिळतील का? मिळतात, कारण दोन्हींच्या अटी वेगवेगळ्या दिशांच्या आहेत. दाबासाठी हवा आडवी अडवायची असते आणि वाळवण्यासाठी उभी सोडायची. कोपऱ्यांवर उभ्या बंद पट्ट्या, मधे खालून वर मोकळा रस्ता, आणि मूळ भिंतीच्या चिरा आधीच भरून ती हवाबंद. पॅनेलखालची चौकट आडवी असेल, तर ती ब्रॅकेटवर पुढे घेऊन मागून हवा जाऊ द्यायला हवी. आडवे सेक्शन भिंतीला टेकवले की पोकळी प्रत्येक मजल्याला तुंबते आणि पाणीही त्यावर साचतं.

आगीचा मुद्दा इथेच येतो. उभी मोकळी पोकळी धुराड्याचं काम करते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 14 जून 2017 रोजी लागलेल्या आगीत 72 माणसं गेली. तिथल्या पॅनेलचा गाभा पॉलिइथिलीनचा होता. म्हणून पॅनेल आणि मागचा थर दोन्ही न जळणारे हवेत. शिवाय मजल्यागणिक अशा पट्ट्या हव्यात, ज्या एरवी फट सोडतात आणि आगीत फुगून ती बंद करतात. साध्या घट्ट पट्टीने आग अडेल, पण हवाही अडेल.

एसीपी म्हणजे अॅल्युमिनियम कंपोझिट पॅनेल लावलेल्या आपल्याकडच्या पुष्कळ इमारतींत सगळे सांधे सिलिकॉनने भरलेले असतात आणि तळही बंद असतो. नाव काहीही असो, ते रेनस्क्रीनही नाही आणि व्हेंटिलेटेडही नाही. सिलिकॉन सुटलं की पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते.

ओळखायचं असेल तर पॅनेलच्या तळाशी वाकून पाहा. जाळी लावलेली सलग फट दिसली पाहिजे. तशीच फट पॅरापेटच्या झाकणाखाली आहे का, तेही गच्चीवरून पाहा. मग उन्हं भिंतीवर असताना, वारा पडलेला असेल अशा वेळी, पॅनेल आणि थर न जळणारे असल्याची खात्री करून तळाच्या फटीपासून थोड्या अंतरावर उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर पोकळी वाहते आहे. तिथेच घुटमळला तर वर कुठेतरी रस्ता बंद आहे. तळाची फट असूनही मोठ्या पावसानंतर तिथून एक थेंबही पडत नसेल आणि आत ओल येत असेल, तर खिडक्यांवरची फ्लॅशिंग आधी तपासा. पोकळीतून उतरणारं पाणी चौकटीच्या माथ्यावरून बाहेर वळवलं नसेल, तर ते तिथूनच खोलीत शिरतं.